‘इन’ म्हणजे ‘नाही’ असं कोण म्हणतं?

बालमित्रांनो, रस्त्याने जाणारा पेट्रोलचा टँकर तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं? बऱ्याच टँकरवर इंग्रजीत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं असतं. काही टँकरवर मात्र ‘फ्लेमेबल’ एवढंच असतं. आता ‘फ्लेम’ म्हणजे ज्योत, जाळ, हे तुम्हांला माहीत आहे. म्हणजे ‘फ्लेमेबल’ हे चटकन पेट घेणारं. मग त्याच्यापुढे ‘इन’ लावल्यावर ते न पेटणारं व्हायला हवं की नको? पण तसं होत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ अगदी एकच आहे: सांभाळा, हे पेटतं!

एका टँकरवर ‘पेटेल’ आणि दुसऱ्यावर ‘न पेटेल’ असं वाटावं आणि दोन्हींत पेट्रोलच असावं, हा काय प्रकार आहे? मी प्राथमिक शाळेत शिकवते. शब्दांच्या जोड्या लावणं, विरुद्धार्थी शब्द लिहिणं हे आमचं रोजचंच काम. त्यामुळे या प्रश्नाशी माझी गाठ एक ना एक दिवस पडणारच होती. ती पडली सातवीच्या वर्गात.

आमच्या मुलांकडे एक गाईड असतं. त्यात एक चौकट आहे: शब्दाआधी ‘इन’ लावा, विरुद्ध अर्थ मिळवा. करेक्ट, इनकरेक्ट. कम्प्लीट, इनकम्प्लीट. व्हिजिबल, इनव्हिजिबल. मुलांनी ती चौकट घडाघडा पाठ केली होती. दुसऱ्याच दिवशी एक मुलगा माझ्याकडे आला. (त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तो मला मधल्या सुट्टीत गाठेल.) त्याच्या काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो म्हणाला, “बाई, काकांकडे कुणीतरी एक ड्रम आणून दिलाय. मधोमध कापून त्याच्या दोन कुंड्या करून हव्यात. त्याच्यावर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलंय. मी काकांना सांगितलं, ‘इन’ म्हणजे नाही, हा न पेटणारा ड्रम आहे, बिनधास्त कापा.”

माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. मी घाईघाईने विचारलं, “मग? कापला का त्यांनी?”

“नाही ना! काका म्हणाले, तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव, आधी वास घेऊन बघ. थिनरचा वास येत होता. म्हणाले, थिनरचा ड्रम मी कापत नाही. मी म्हटलं, अहो पण तो रिकामा आहे. तर म्हणाले, रिकामा आहे म्हणूनच कापत नाही.”

काकांचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय म्हणे. पण त्यांचं हे शेवटचं वाक्य मोठ्या विद्वानाला शोभेल असं आहे, आणि एका मोठ्या विद्वानाने ते खरोखरच लिहूनही ठेवलं आहे. त्याच्याकडे आपण जाऊच. त्याआधी काका असं का म्हणाले ते बघू.

पेट्रोल असो की थिनर, जळतो तो पातळ पदार्थ नव्हे, त्याची वाफ जळते. आणि नुसती वाफही जळत नाही, तिच्यात हवा योग्य प्रमाणात मिसळावी लागते. पेट्रोलचं उदाहरण घ्या. हवा आणि वाफ यांच्या मिश्रणाच्या शंभर भागांत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असेल, तरच ठिणगीने भडका उडतो. त्याहून कमी असली तर जळायला पुरेसं काही नसतं, जास्त असली तर हवाच पुरत नाही. ड्रम काठोकाठ भरलेला असतो तेव्हा आत हवेला जागाच नसते. ओतून रिकामा केला की तळाशी आणि सांध्याच्या घड्यांत थोडं पातळ राहतं, त्याची वाफ होत राहते आणि वरून हवा आत शिरते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती उडून न जाता आतच बसून राहते. झालं, भडक्याची सगळी तयारी! मग कापायची ज्योत पत्र्याला लागायचा अवकाश. बंद ड्रम मग बॉम्बसारखा फुटतो. असे अपघात आजही होतात. म्हणून मुलांनो, असल्या ड्रमाच्या वाटेला तुम्ही अजिबात जाऊ नका.

म्हणजे त्या ड्रमाशी दोन शब्द चिकटले होते आणि दोन्ही फसवे निघाले. एक ‘रिकामा’ आणि दुसरा ‘इन्फ्लेमेबल’. आता दुसऱ्याचं कोडं सोडवू.

गंमत अशी की इंग्रजीत ‘इन’ नावाचे दोन वेगवेगळे उपसर्ग आहेत. दोन्ही लॅटिन भाषेतून आले. दिसायला जुळ्या भावांसारखे, पण त्यांची घराणी निराळी. पहिला ‘इन’ म्हणजे ‘नाही’. इनकरेक्टमधला तो हा. हा तर आपलाच दूरचा नातेवाईक आहे, बरं का! आपल्या ‘अयोग्य’मधला ‘अ’ आणि ‘अनादर’, ‘अनंत’मधला ‘अन्’ हे दोघे, लॅटिनमधला हा ‘इन’ आणि ‘अनहॅपी’मधला ‘अन’, ही सगळी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ शब्दाची नातवंडं आहेत.

दुसऱ्या ‘इन’चा अर्थ ‘आत’. तुम्ही डॉक्टरांकडे जाता तेव्हा इंजेक्शन घेता, त्यातला हा ‘इन’. इंजेक्शन म्हणजे आत टाकणं. ते ‘न टाकणं’ असतं तर किती बरं झालं असतं, नाही का? श्वास आत घेण्याला इंग्रजीत ‘इन्हेल’ म्हणतात, तिथेही हाच. हा दुसरा ‘इन’ आपल्या ‘अंतर्गत’मधल्या ‘अंतर्’च्या गोतावळ्यातला.

लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला. तिच्यामागे हा ‘आत’वाला ‘इन’ लागला आणि ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद झालं. अर्थ काय, तर ज्वाळेत घालणं, पेटवणं. त्यावरून इंग्रजीत ‘इन्फ्लेम’ आलं, आणि जे इन्फ्लेम होऊ शकतं ते इन्फ्लेमेबल. म्हणजे हा शब्द तोडायचा कुठे, हाच खरा प्रश्न आहे. आपण तो ‘इन’ आणि ‘फ्लेमेबल’ असा तोडतो. खरा सांधा तिथे नाहीच. तो आहे ‘इन्फ्लेम’ आणि ‘एबल’ यांच्यामध्ये. आधी ‘पेटवणे’ हा शब्द तयार झाला, मग त्याला ‘-ण्याजोगं’ हे शेपूट लागलं. पेटवण्याजोगं ते इन्फ्लेमेबल.

याचा आणखी एक पुरावा तुमच्या अंगावरच सापडेल. गळू झालं, तो भाग लाल झाला, आग आग व्हायला लागली की डॉक्टर म्हणतात, ‘इन्फ्लेमेशन’ आहे. म्हणजे दाह. तिथे कुणी ‘इन’चा अर्थ ‘नाही’ असा लावत नाही. नाहीतर सुजलेल्या पायाला ‘दाह नाही’ म्हणावं लागलं असतं.

मग हा नुसता ‘फ्लेमेबल’ आला कुठून? इन्फ्लेमेबल हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. फ्लेमेबल त्याच्यापेक्षा पुष्कळ धाकटा, १८१३ च्या सुमाराचा. तोही कित्येक वर्षं कुणाच्या फारसा तोंडी नव्हता. त्याला बाहेर काढलं ते भाषेच्या पंडितांनी नव्हे, तर आगीशी ज्यांचा रोजचा संबंध अशा माणसांनी. साधारण १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या आग प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थेने, नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने, सांगायला सुरुवात केली की ‘इन्फ्लेमेबल’ऐवजी ‘फ्लेमेबल’ लिहा. कारण उघड होतं. पिंप उचलणाऱ्या हमालाला लॅटिन येत नाही. आमच्या सातवीतल्या मुलाने जे केलं तेच तोही करणार: इन म्हणजे नाही, चला, ओढा बिडी!

मला हे फार आवडलं. विद्यार्थ्याने शब्द चुकीचा तोडला तर आपण शिक्षक त्याला सुधारतो. इथे लोकांनी म्हटलं, हजारो माणसांना लॅटिन शिकवत बसण्यापेक्षा शब्दच बदलू. चुकीच्या जागी तोडल्यावर जो तुकडा हातात येतो, तोच खरा शब्द म्हणून वापरू!

तो विद्वान मी म्हटलं होतं ना, तो याच काळातला. त्याचं नाव बेंजामिन ली व्हॉर्फ. शिक्षणाने तो केमिकल इंजिनियर. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एका आगविमा कंपनीत तो नोकरीला होता. कारखान्यांत जायचं, आगी का लागतात ते बघायचं, हे त्याचं काम. आणि फावल्या वेळात हा गृहस्थ अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, होपी लोकांच्या, भाषेचा अभ्यास करायचा! १९३९ साली त्याने एक लेख लिहिला. त्यात तो म्हणतो की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक फार जपून वागतात. पण ‘रिकामी’ पिंपं असं म्हटलं की तिथे खुशाल सिगारेट ओढतात, जळती थोटकं टाकतात. खरा धोका मात्र रिकाम्या पिंपांत जास्त, कारण त्यांत वाफ असते. आग लागते ती पेट्रोलमुळे खरी, पण माणसाला बेसावध करतो तो ‘रिकामं’ हा शब्द. बघा, आमच्या वेल्डिंगवाल्या काकांचंच वाक्य! फरक एवढाच की काकांनी लेख लिहिला नाही.

पुढे १९५३ साली अमेरिकेत चटकन पेटणाऱ्या कापडांविरुद्ध कायदा झाला. काही स्वेटर आणि मुलांचे खेळण्यातले काउबॉयचे पोशाख भसकन पेटून लोक भाजले होते, म्हणून तो करावा लागला. त्या कायद्याच्या नावात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द घेतला गेला. इंग्लंडमध्ये १९५९ साली ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने स्पष्ट लिहिलं की गोंधळ टाळण्यासाठी ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ हेच शब्द वापरावेत असं आमचं धोरण आहे. आपल्याकडे मात्र १९५२ च्या कायद्याच्या नावात ‘इन्फ्लेमेबल’ आहे, आणि टँकरवर तो जुना शब्द अजूनही मजेत फिरतो आहे. म्हणून तुम्हांला दोन्ही दिसतात.

न पेटणारं म्हणायचं असेल तर इंग्रजीत ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. पण इथेही एक खड्डा आहेच. जळू शकणाऱ्या वस्तूला ‘कम्बस्टिबल’ असाही शब्द आहे. त्याला ‘इन’ लावला की होतं ‘इन्कम्बस्टिबल’, आणि त्याचा अर्थ खरोखरच न जळणारं! म्हणजे एकाच गोदामात दोन पाट्या लावल्या, एक ‘इन्फ्लेमेबल’ आणि एक ‘इन्कम्बस्टिबल’, तर एका पाटीखालचा माल भडकेल आणि दुसरीखालचा पेटणारही नाही. दोन्हींत ‘इन’ आहे, पण जुळ्या भावांपैकी वेगवेगळा. शब्दाकडे नुसतं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून आता टँकरवर आणि डब्यांवर चित्रही असतं. पेटणाऱ्या पातळ पदार्थाच्या टँकरवर लाल रंगाचा, टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्यात ज्योतीचं चित्र आणि खाली ३ हा आकडा. शेजारी १२०३ लिहिलेलं असलं तर आत पेट्रोल आहे असं समजायचं. आमच्या मुलांना चित्राची ही भाषा एका तासात आली. मराठी पाटीचा तर प्रश्नच नाही. ‘ज्वालाग्राही’ म्हणजे ज्वाला पकडणारं. शब्द अवघड आहे खरा, पण फसवत नाही.

“म्हणजे आपली मराठी बरी, बाई. इंग्रजीच लबाड आहे,” एक मुलगी म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा. आणि फळ्यावर ‘अमूल्य’ लिहिलं. “मूल्य नसलेलं, फुकटचं, असा अर्थ होतो का याचा?” सगळे नाही म्हणाले. अमूल्य म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही इतकं मोलाचं. इंग्रजीतही अगदी हाच खेळ आहे. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे त्याहून मौल्यवान. इथला ‘इन’ मात्र ‘नाही’वालाच. शब्द तोडलाही बरोबर जागी. फक्त ‘नाही’ कशाला म्हटलंय ते बघायला हवं: किंमत नाही असं नव्हे, किंमत करणं शक्य नाही.

मग मी ‘निर्बंध’ लिहिलं. निर्दोष म्हणजे दोष नसलेला, निर्धन म्हणजे धन नसलेला. मग निर्बंध म्हणजे? बंध नसलेला, मोकळा? पण ‘पाणी वापरण्यावर निर्बंध’ असं पेपरात आलं की आपल्या नळाचं पाणी कमी होतं! संस्कृतमधल्या ‘निर्’चा अर्थ नेहमी ‘शिवाय’ असा नसतो. कधी तो ‘बाहेर’ असतो, कधी नुसता जोर देण्यासाठी येतो. निर्धारात आणि निर्णयात तो असाच आहे. निर्धार म्हणजे धीर सोडणं नव्हे.

आणि टँकरसारखीच हुबेहूब जोडी मराठीत हवी असेल, तर ‘परोक्ष’ आणि ‘अपरोक्ष’ घ्या. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडे, पाठीमागे. मग अपरोक्ष म्हणजे खरं तर डोळ्यांसमोर. पण आपण बोलताना काय म्हणतो? “माझ्या अपरोक्ष माझी वही घेतली!” म्हणजे मी नसताना. काटेकोर माणसं अजून यावर कुरकुर करतात. लोकांनी मात्र ‘अ’ असून नसल्यासारखा करून टाकला आहे. इंग्रजांनी ‘इन’ काढून टाकला, आपण ‘अ’ चिकटवला, आणि दोन्हीकडे अर्थ होता तिथेच राहिला.

यापेक्षाही जुनी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावर वर्ग शांत झाला. देवांना सुर म्हणतात आणि राक्षसांना असुर. म्हणजे असुर म्हणजे ‘जे सुर नाहीत ते’, असंच आपण समजतो ना? पण भाषेचे अभ्यासक सांगतात की आधी ‘असुर’ हा शब्द होता. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही आदराने असुर म्हटलेलं आहे. ‘असु’ म्हणजे प्राण, त्याच्याशी या शब्दाचा संबंध जोडतात. त्याच्या सुरुवातीचा ‘अ’ नकाराचा नव्हताच. पुढे असुर म्हणजे देवांचे शत्रू असा अर्थ रुळला. मग लोकांना वाटलं की हा ‘अ’ म्हणजे ‘नाही’, आणि तो काढून त्यांनी देवांसाठी ‘सुर’ हा नवा शब्द करून घेतला. ‘इन्फ्लेमेबल’मधून ‘फ्लेमेबल’ मोकळा झाला, तसाच ‘असुर’मधून ‘सुर’. मध्ये दोनअडीच हजार वर्षं गेली एवढंच.

तास संपत आला होता. मागच्या बाकावरून त्या वेल्डिंगवाल्या काकांच्या पुतण्याने हात वर केला. “बाई, विफल म्हणजे फळ नसलेलं. मग विज्ञान म्हणजे ज्ञान नसलेलं का?” वर्ग खो खो हसला. विज्ञानाचे सर नेमके त्याच वेळी दाराशी येऊन उभे होते. मी त्याला सांगितलं की ‘वि’चेही दोन अर्थ आहेत, एक ‘शिवाय’ आणि एक ‘विशेष’, आणि विज्ञानातला ‘वि’ दुसरा. त्याने वहीत लिहून घेतलं. मग खाली बघत हळूच विचारलं, “आणि विनोदातला?”